एक देह, तीन नावे

इंदापूर माहेर आणि बारामती सासर असलेली एखादी बाई शाळेच्या दाखल्यावर ‘सुमन’, आधारकार्डावर ‘सुमनबाई’ आणि माहेरच्या सातबाऱ्यावर ‘सुमा’ असली, तर ह्या तिघीजणी एकच होत असे तिने नोटरीसमोर शपथेवर सांगावे, वृत्तपत्रात निधनवार्तांशेजारी जाहीर नोटीस द्यावी, आणि तरीही राजपत्राच्या भाग दोनमध्ये नाव छापून येईपर्यंत सरकारदरबारी तिला स्वतःविषयीची बेभरवशाची साक्षीदार मानावे, अशी वहिवाट आहे. राजपत्र पाहून आधारकार्ड नमते. सातबारा मात्र ढिम्म, कारण तेथील लेखनप्रमादासाठी जमीन महसूल अधिनियम, १९६६च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे निराळा अर्ज लागतो. त्यातून राजपत्रातच पहिला उकार दीर्घ छापला गेला, तर चौथी बाई जन्मास येते आणि तिच्यासाठी शुद्धिपत्रकाचा अर्ज करावा लागतो, तोही अर्थात पहिल्या तिघींच्या सहीने.