इत्यादी खोडणारे अण्णा

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतून कुठलाही कागद अण्णांच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यातून ते कधीचे निवृत्त झाले, त्यांचं लाल पेन मात्र अजून सेवेत आहे. ‘इत्यादी’, ‘आवश्यकतेनुसार’ आणि ‘सविस्तर’ हे शब्द दिसले की त्याचं टोपण निघालंच. काकूंनी “भाजी वगैरे आणा” म्हटलं, तर अण्णा अर्ध्या जिन्यातून परत येतात, वगैरेत काय काय धरायचं ते विचारायला.

इमारत १९८८ची. तिशी ओलांडलेल्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करा, असं उपविधी सांगतात. सेक्रेटरींनी सल्लागारासाठी एका ओळीचं पत्र केलं: ‘इमारतीचे ऑडिट करून सविस्तर अहवाल द्यावा.’

“सविस्तर म्हणजे किती?” अण्णा.

“अहो अण्णा, तो तज्ज्ञ आहे. त्याला कळतं सगळं.”

“त्याला कळतं. आपल्याला काय हवंय ते कळतं का?”

मग त्यांनी कपाटातून मागचा अहवाल काढायला लावला. जाडजूड, गुळगुळीत कागदावर तड्यांचे रंगीत फोटो. तडा कुणाच्या घरातला, याचा पत्ता नाही. शेवटच्या पानावर ‘योग्य ती दुरुस्ती करावी’ आणि खाली सही-शिक्का. त्या सल्लागाराला दोष देता येत नव्हता. मागितला होता अहवाल, त्याने दिला होता अहवाल.

त्या रात्री अण्णा टर्म्स ऑफ रेफरन्स लिहायला बसले. पहिल्या परिच्छेदात ना इमारतीचं वर्णन, ना चाचण्या. तिथे होतं, या अहवालावरून सोसायटी काय ठरवणार आहे ते: दुरुस्ती करायची की पुनर्विकासाला जायचं. म्हणून इमारत सी-१ ते सी-३ यांपैकी कुठल्या वर्गात बसते ते कारणांसह सांगावं, आणि दुरुस्ती सुचवली तर कॉलम-बीमनिहाय तक्ता, नकाशावर खुणा आणि खर्चाचा अंदाज द्यावा. बाकी सगळी कलमं त्यांनी या परिच्छेदाला विचारून लिहिली. निर्णयाला ज्याचा उपयोग नाही, ते मागायचंच नाही. अण्णांसारख्या माणसाने काही मागायचं नाही म्हणावं, याचंच आम्हाला नवल.

चाचण्यांपाशी मात्र ते रमले. नुसती रिबाउंड हॅमरची चाचणी चालणार नाही, म्हणाले. जुन्या काँक्रीटचा वरचा थर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडक होतो, हातोडा छान उसळतो आणि आकडा फुगवून दाखवतो. तेव्हा काही ठिकाणी कोअर काढून प्रयोगशाळेत दाबून बघायचा. लगेच पोटकलम: कोअर काढल्यावर कॉलमला पडलेलं भोक कुणी, कशाने आणि किती दिवसांत बुजवायचं. सेक्रेटरी हसले, पण कोअरच्या यादीत त्यांच्या पार्किंगमधला कॉलम दिसल्यावर ते पोटकलम त्यांनी दोनदा वाचलं.

पैशांचं कलम तर खास खात्यातलं. फी ठोक. दुरुस्तीच्या खर्चावर टक्केवारी नाही, कारण मग खर्चाचा अंदाज वाढवण्यात अंदाज करणाऱ्याचाच फायदा. हप्तेही भेटींवर नाहीत, हातात पडलेल्या कागदावर: मसुदा आला की एक, अंतिम अहवाल आला की दुसरा आणि शेवटचा दहा टक्क्यांचा, सर्वसाधारण सभेत सभासदांच्या प्रश्नांना उत्तरं दिल्यावर. आमची सभा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे दहा टक्के कमीच वाटतील.

सल्लागार तरुण होती आणि घाबरणारी नव्हती. अण्णांनी बारा कोअर कुठून काढायचे तेही कॉलमच्या नंबरासकट लिहिलं होतं. तिने ते पान पुढे सरकवलं. “काका, किमान किती ते तुम्ही सांगा. कुठून काढायचे ते मला इमारत बघून ठरवू द्या. नाहीतर उद्या चुकलं तर जबाबदार कोण, तुम्ही की मी?”

खोलीत शांतता. अण्णांनी लाल पेन काढलं आणि स्वतःचीच यादी खोडली. समासात लिहिलं, ‘किमान बारा, जागा सल्लागार ठरवेल, कारण नोंदवेल.’

अहवाल आला. नकाशे, तक्ता, वर्ग सी-२बी, म्हणजे घरं रिकामी न करता दुरुस्ती. सगळं जिथल्या तिथे. फक्त एका सदनिकेपुढे शेरा होता: ‘तीनदा जाऊनही प्रवेश मिळाला नाही.’ नंबर अण्णांच्याच घराचा.

काकूंनीच खुलासा केला. कलम सहाप्रमाणे सभासदाला चार दिवस आधी लेखी सूचना द्यायची होती. सूचना आली व्हॉट्सॲपवर. ह्यांनी दार उघडू दिलं नाही.

“व्हॉट्सॲप लेखी धरायचं की नाही, हे कलमात कुठे आहे?” अण्णांनी विचारलं.

“कलम कुणी लिहिलं?” सेक्रेटरी म्हणाले.