टाकी भरेना

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला माझ्या टेबलावर दोन पुस्तकं कायम उघडी असायची. डावीकडे आर. एस. अगरवालांचं ॲप्टिट्यूड, उजवीकडे डायनॅमिक्स ऑफ मशिनरी. दोन्ही उघडी असल्यामुळे अभ्यास चालू आहे असा माझा समज होता, आणि घरच्यांचाही.

खरी गोची तारखांची होती. कंपन्या येतात सातव्या सेमिस्टरला, आणि सातव्या सेमिस्टरचे पेपरही अर्थातच सातव्या सेमिस्टरलाच असतात. पीएल सुरू झाली, आता जरा बसून वाचू म्हणावं, तर रात्री प्लेसमेंटच्या ग्रुपवर मेसेज पडायचा: उद्या सकाळी नऊला कॉम्प्युटर लॅब, फॉर्मल कपडे, आयकार्ड. खाली क्रायटेरिया: 60 टक्के, एकही बॅक नको. म्हणजे ॲप्टिट्यूडच्या नादात पेपर गेला तर बॅक लागून कंपनी जाणार, आणि पेपरच्या नादात ॲप्टिट्यूड गेलं तर कंपनी थेटच जाणार. आधी लगीन कोणाचं, हा प्रश्न तानाजीला सोपा गेला असावा. त्याला क्रायटेरिया नव्हता.

वेळेचं गणित कसंबसं जमवता येतं. रात्री जागता येतं, सबमिशनच्या फाइली मित्राच्या पुढ्यात ठेवून छापता येतात. जमत नाही ते वेगळंच. पुणे विद्यापीठाची एन्डसेम 70 मार्कांची, वेळ अडीच तास. प्रश्न आठ छापलेले असतात, पण ‘एक किंवा दोन’, ‘तीन किंवा चार’ असे जोडीनं. सोडवायचे चारच. म्हणजे एकेका प्रश्नाला अर्ध्या तासाहून जास्त वेळ. तिथली सगळी कला सावकाशीची. आधी ‘गिव्हन’ लिहायचं, मग ‘टु फाइंड’, मग पेन्सिलीनं आकृती, मग सूत्र, मग आकडे, आणि शेवटी उत्तराला चौकट. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे मार्क पडतात. या पायऱ्यांवर सात सेमिस्टर जगलेली माणसं मी पाहिली आहेत. आरशात तर रोजच पाहायचो.

ॲप्टिट्यूडमध्ये पायरीला शून्य किंमत. 20 प्रश्न, 20 मिनिटं, चार पर्याय. गोल भरला की पुढे. प्रश्न समजला नाही तरी चालतं, पर्याय समजला पाहिजे.

तर त्या दिवशी लॅबमध्ये स्क्रीनवर पहिलाच प्रश्न आला टाकीचा. एक नळ टाकी 12 तासांत भरतो, तळाचा दुसरा नळ भरलेली टाकी 18 तासांत रिकामी करतो. दोन्ही चालू ठेवले तर टाकी किती तासांत भरेल?

शाळेतल्या पोरालाही हे येतं. 12 आणि 18 चा लसावि 36. टाकी 36 लिटरची धरा. पहिला नळ तासाला 3 लिटर आणतो, दुसरा 2 लिटर नेतो, राहिलं 1. म्हणजे 36 तास. पर्याय क, पुढचा प्रश्न. अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही.

पण मी आदल्या रात्री तीनपर्यंत जागून विद्यापीठाचे जुने पेपर सोडवले होते. डोकं गिव्हन-टु फाइंडच्या गिअरमध्येच अडकलेलं. रफ पेपरवर मी आधी टाकीची सुबक आकृती काढली. पाण्याची पातळी दाखवली, तिला h नाव दिलं. आणि तिथंच माझ्यातला इंजिनीअर जागा झाला, नको त्या वेळी, नेहमीप्रमाणे. तळाचा नळ तासाला कायम 2 लिटरच कसा नेईल? पाणी जितकं उंच, तितका तळाशी दाब जास्त. बाहेर पडण्याचा वेग पातळीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलणार. टाकी भरलेली असताना धार जोरात, संपत आली की नुसती ठिबकणार. मग 2 लिटर ही फक्त सरासरी झाली!

मी समीकरण मांडलं. या हिशेबानं रिकामी होताना सुरुवातीची धार सरासरीच्या दुप्पट निघते, म्हणजे टाकी काठोकाठ असताना तासाला 4 लिटर. वरून येतात 3. येणारं तीन, जाणारं चार, मग टाकी भरणार कशी? ती भरतच नाही. धार 3 लिटरवर येईल त्या पातळीला पाणी थांबतं. तीन भागिले चार, त्याचा वर्ग, म्हणजे उंचीच्या 56.25 टक्के.

उत्तराला मी चौकट केली आणि समाधानानं पर्याय पाहिले. 24, 30, 36, 42. ‘टाकी कधीच भरत नाही’ असा पर्याय नव्हता. वर पाहिलं तर सेक्शनचा वेळ संपत आला होता. उरलेल्या प्रश्नांत रेल्वेगाड्या पुलावरून धावत होत्या, कुणाच्या तरी बापाची बहीण कुणाची तरी मावशी लागत होती, आणि मी टाकीशीच उभा. स्क्रीन आपोआप इंग्रजीच्या सेक्शनवर गेली. तिथं मी बरे मार्क मिळवले असणार, पण सेक्शनल कट-ऑफ असल्यावर त्याचा उपयोग काय? दुपारी लागलेल्या यादीत माझं नाव नव्हतं. रूममेटचं होतं. त्यानं म्हणे पर्याय क सगळीकडे लावला होता.

रूममेट म्हणाला, “येड्या, तुला उत्तर विचारलं होतं, टाकी बांधायला नव्हती सांगितली.”

हे मला इतकं झोंबलं की पुढचे दिवस मी फक्त शॉर्टकट पाठ केले. पर्याय उलटे घालून बघायचे, गोल आकडे आधी तपासायचे. पायऱ्या लिहिणं म्हणजे मागासलेपण, अशी माझी खात्रीच पटली. आणि त्या खात्रीसकट मी डायनॅमिक्सच्या पेपरला बसलो.

पेपरात बॅलन्सिंग आलं. नियतीला विनोद कळतो, एवढंच म्हणेन. एका शाफ्टवर चार वेगवेगळ्या प्रतलांत चार वस्तुमानं, दोघांचे कोन दिलेले, बाकीचं शोधा. याची रीत ठरलेली आहे. एक संदर्भ प्रतल धरायचं. तक्ता करायचा: वस्तुमान, त्रिज्या, दोघांचा गुणाकार, मग अंतरानं गुणून आणखी एक रकाना. त्या शेवटच्या रकान्यावरून कपल पॉलिगॉन काढायचा, गुणाकाराच्या रकान्यावरून फोर्स पॉलिगॉन. दोन्ही बंद झाले तरच शाफ्ट बॅलन्स. फक्त फोर्सचा बंद झाला तर थांबलेला शाफ्ट शहाण्यासारखा वागतो, आणि फिरायला लागला की बेअरिंगं हादरवतो.

मी म्हटलं, कशाला एवढं? प्रश्न काढणारा सोपेच कोन धरणार. 90 नाहीतर 180. मी डोक्यातल्या डोक्यात 180 लावून पाहिला, फोर्स जवळपास जुळला, चौकट केली, पुढे गेलो. तक्ता नाही, आकृती नाही, पॉलिगॉन नाही. कपल तपासलाच नाही. पेपर तासभर आधी संपवून बाहेर आलो तेव्हा वर्गातला सर्वांत हुशार मुलगा अजून पट्टी लावून रेषा ओढत होता. मला त्याची कीव आली.

बाहेर आल्यावर त्याचा कोन ऐकला. 180 च्या आसपासही नव्हता. त्याचंही उत्तर किंचित चुकलं होतं, स्केल छोटं घेतल्यामुळे. पण त्याच्याकडे तक्ता होता, दोन पॉलिगॉन होते, पायऱ्या होत्या. माझ्याकडे चौकट होती, तीही चुकीच्या आकड्याभोवती.

त्या विषयात मी काठावर सुटलो, बॅक लागली नाही. सेमिस्टरची टक्केवारी मात्र 56 च्या जवळ येऊन थांबली.

या वर्षी बसणाऱ्यांना एवढंच सांगतो: पेपर आणि टेस्ट लागोपाठ असतील तर मध्ये एक झोप घ्या, आणि सकाळी आधी जिथं जायचंय तिथले चार-पाच प्रश्न सोडवून मगच निघा. आणि टाकीचा प्रश्न आला तर 36 वर क्लिक करून पुढे व्हा. ती भरते का नाही, हे नोकरी लागल्यावर बघता येईल.