दाजींना पुस्तक कसे लावावे

अहमदपूरच्या मोंढ्यात आडत दुकान असलेले, पंचेचाळिशी ओलांडलेले आणि दहावीच्या मराठीच्या पेपरानंतर पुस्तकाशी संबंध तोडलेले एक दाजी गृहीत धरावेत. असे दाजी मिळवायला फार फिरावं लागत नाही. त्यांना पहिलं ललितेतर पुस्तक वाचायला लावण्याचं काम बहुधा मेहुण्याच्या अंगावर येतं आणि मेहुणा हमखास ‘अग्निपंख’ नाहीतर नेत्याचं जाडजूड चरित्र आणतो. दाजी ते दोन्ही हातांनी स्वीकारतात, कपाळाला लावतात आणि शोकेसमध्ये ठेवतात. पुस्तकाचा सन्मान तिथेच पूर्ण होतो.

म्हणून पहिली पायरी पुस्तकाची नव्हे, डोळ्यांची. दाजींच्या हाती वर्तमानपत्र द्यावं आणि हात किती लांब जातो ते पाहावं. कोपर सरळ होत असेल, तर दाजींना वाचनाचा कंटाळा नसून चाळिशी लागली आहे. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि जवळचं अक्षर पुसट दिसू लागतं. मोबाइलवर अक्षर मोठं करता येतं, त्यामुळे हे वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. अशा माणसाला बारीक टायपातलं पुस्तक दिलं, की तो तिसऱ्या पानावर झोपतो आणि घरचे म्हणतात, ‘ह्यांना गोडीच नाही.’ आधी चष्मा घ्यावा, मग लेखक निवडावा.

दुसरी पायरी चौकशीची. ‘तुम्हाला काय वाचायला आवडेल?’ हा प्रश्न विचारू नये. दाजी ‘काहीतरी चांगलं’ म्हणतील आणि त्या उत्तराचा शोकेसपलीकडे उपयोग नाही. त्याऐवजी दाजी कशावरून भांडतात ते पाहावं. सोयाबीनच्या भावावरून, पावसावरून, कोणत्या रानाचा बेवड चांगला यावरून. माणूस ज्या विषयात दुसऱ्याची चूक काढू शकतो, त्या विषयाचं पुस्तक त्याला पेलतं, मग तो शाळेत कितीही वेळा नापास झालेला असो.

या कसोटीवर वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ चांगलं उतरतं. १९८१ साली आलेलं हे पुस्तक जाडीने भीती घालत नाही. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टस्कगीच्या संस्थेत शिकवायला गेला. तिथली जमीन वर्षानुवर्षं कापूस घेऊन उतरलेली होती. त्याने शेतकऱ्यांना भुईमूग, चवळीसारखी पिकं आलटून पालटून घ्यायला सांगितलं, कारण शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. दाजींचं सोयाबीन आणि तूर याच भावकीतली. म्हणजे हजारो कोसांवरचा माणूस दाजींशी बेवडाबद्दलच बोलतो आहे.

अडचण सुरुवातीची आहे. कार्व्हरचा जन्म गुलामगिरीच्या काळातला, बालपण मिसुरीतलं. पहिल्याच पानांत परकी माणसं आणि परकी गावं भेटतात आणि दाजींची जीभ अडखळते. इथे मेहुण्याने निर्लज्जपणे टस्कगीचं प्रकरण उघडून द्यावं. दाजी हरकत घेतील. घरात मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्य’चं पारायण झालेलं असतं आणि पारायणात ओळ गाळलेली चालत नाही. हे पारायण नव्हे, असं त्यांना स्पष्ट सांगावं लागतं. शेतीत मन रमलं, की कार्व्हर मुळात कोणाचा कोण हे पाहायला दाजी आपणहून मागे जातात. पारायणाची एक सवय मात्र मोडू नये: मोठ्याने वाचण्याची. जोडाक्षरांशी बऱ्याच वर्षांची फारकत झाली असेल, तर जे डोळ्याला अडतं ते कानाला सुटतं.

मग आपल्याच जिल्ह्यातलं ‘उचल्या’ का नको? लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचं हे आत्मकथन १९८७ साली आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मुलूख ओळखीचा, बोली ओळखीची, म्हणजे अडखळणं जवळपास नाहीच. पण त्यातली भूक आणि पोलिसांचा मार वाचकाला उसंत देत नाहीत. दिवसभर वजनकाट्यापाशी बसून रात्री नऊला घरी आलेला माणूस पहिल्याच खेपेला ते मिटून ठेवण्याची शक्यता मोठी आणि एकदा मिटलेलं पुस्तक पुन्हा उघडणं अवघड. ते दुसरं द्यावं. तेही दाजींनी मागितल्यावर.

लागू पडलं की नाही, हे कसं ओळखायचं? ‘फार छान पुस्तक आहे’ असं दाजी म्हणाले, तर समजावं की वाचलेलं नाही. किती पानं झाली हे विचारू नये. दाजी आकडा वाढवून सांगतील, व्यापारी माणूस. आठवडाभराने दुकानात जाऊन नुसतं बसावं. गिऱ्हाईक नसताना दाजी चष्मा कपाळावर सरकवून, जरा चिडूनच म्हणाले, ‘भुईमुगाचं सांगितलं ते ठीक हाय, पण ह्या माणसानं तूर का घेतली नाही?’ तर ‘उचल्या’ची प्रत मागवायला हरकत नाही.