ज्याअर्थी, त्याअर्थी आणि जुने साहेब

खराडीच्या काचेच्या इमारतींत परदेशातल्या बँकांची कामं रात्रंदिवस चालतात. त्याच इमारतीतल्या एखाद्या छोट्या कंपनीला स्वतःच्या चेकवर सही करणारा माणूस बदलायचा झाला, की मात्र सगळी प्रगती लेटरहेडचा एक कागद आणि रबरी शिक्का यांच्यापाशी येऊन थांबते. हा कागद म्हणजे संचालक मंडळाचा ठराव. तो लिहिताना सगळ्यांचं लक्ष नव्या सहीकडे असतं. नव्या साहेबांचं नाव ठळक, हुद्दा ठळक, नमुना सही तीन-तीनदा. जुन्या साहेबांबद्दल एक ओळही नसते. माझं म्हणणं एवढंच, की हा स्वागताचा कागद नाही, निरोपाचा आहे. निरोप अर्धवट दिला की पाहुणा उंबऱ्यात चप्पल घालून पुन्हा गप्पा मारत उभा राहतो. इथे तर त्याच्या हातात चेकबुक असतं.

सुरुवात ज्याअर्थीपासून करू. सरकारी राजपत्रामुळे हा शब्द आपल्या ओळखीचा आहे, पण खराडीत तो ‘व्हेअरॅज’ होऊन येतो. समजा, कंपनीत अ, ब आणि क असे तीन संचालक आहेत आणि खातं अ किंवा ब यांच्यापैकी कोणाही एकाच्या सहीने चालतं. अ कंपनी सोडून चालले आहेत. मग पहिलं ज्याअर्थी असं: ‘ज्याअर्थी कंपनीचे अमुक क्रमांकाचे चालू खाते अमुक तारखेच्या ठरावानुसार अ किंवा ब यांच्या सहीने चालवले जाते’. दुसरं असं: ‘आणि ज्याअर्थी अ यांचा राजीनामा कंपनीस १० तारखेस मिळाला असून त्यात नमूद केल्याप्रमाणे तो ३० तारखेपासून अमलात येतो’. एवढं पुरे. इथे ‘मंडळाने राजीनामा जड अंतःकरणाने स्वीकारला’ असं लिहिण्याचा मोह होतो. पण २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १६८नुसार संचालकाचा राजीनामा कंपनीला मिळाल्याच्या किंवा त्यात लिहिलेल्या तारखेपैकी जी नंतरची, त्या तारखेपासून लागू होतो. मंडळाने फक्त नोंद घ्यायची असते. अंतःकरण जड असल्यास त्यासाठी आभाराचा वेगळा ठराव करावा. बँकेला ते वजन पेलत नाही.

यावर कोणी म्हणेल, कायद्याने ज्याअर्थी सक्तीचं केलेलं नाही, मग हा पाल्हाळ कशाला? सक्तीचं नाही, हे खरं. पण ठराव वाचणारी माणसं बैठकीत नव्हती. बँकेतला अधिकारी नव्हता, तीन वर्षांनी येणारा ऑडिटर तर नव्हताच. कोणता जुना ठराव आता मोडीत निघाला हे पहिल्या ज्याअर्थीवरून कळतं आणि कोणत्या तारखेपासून, हे दुसऱ्यावरून. ते नसेल तर फायलीत तीन वेगवेगळे ठराव सापडतात आणि प्रत्येक जण आपणच चालू असल्याचा दावा करतो. जमिनीच्या वाटणीत असं होतं, तेव्हा किमान सातबारा तरी असतो.

आता त्याअर्थी, म्हणजे ‘रिझॉल्व्ड दॅट’. इथे सगळ्यात घातक शब्द कोणता, तर ‘देखील’. ‘क यांनादेखील सही करण्याचे अधिकार देण्यात येत आहेत’ असं लिहिलं, की बँक बिचारी क यांना जोडते आणि अ यांना जागेवर ठेवते. तिची चूक नाही, तिला तेवढंच सांगितलेलं असतं. म्हणून ‘आधीच्या सर्व ठरावांऐवजी’ हे शब्द हवेत आणि त्याखाली स्वतंत्र कलम हवं: ‘अ यांचे सदर खात्यावरील सर्व अधिकार ३० तारखेपासून रद्द करण्यात येत आहेत’. मग रकमा. ‘पाच लाखांपेक्षा कमी रकमेस कोणीही एक, पाच लाखांपेक्षा जास्त रकमेस दोघे संयुक्तपणे’ हे वाक्य ऐकायला भारदस्त वाटतं, पण नेमका पाच लाखांचा चेक आला की तो अनाथ. कोणी एकाने सही करायची की दोघांनी, हे ठरावाला माहीत नाही. ‘पाच लाखांपर्यंत व पाच लाख धरून’ लिहिलं असतं तर तेवढ्यात त्याचं पालकत्व निश्चित झालं असतं. नावाचंही तसंच. आपल्याकडे माणसाच्या नावात वडील असतातच. पॅनकार्डावर ते पूर्ण, ठरावात नुसतं आद्याक्षर आणि सहीत गायब, असं झालं की बँकेला तिघे जण दिसतात.

पण खरी गंमत वाटेत असलेल्या चेकची. अ यांनी ऑफिसच्या भाड्याचे पुढच्या सहा महिन्यांचे चेक मालकाला आधीच सही करून दिले आहेत. ३० तारखेनंतर ते वटायचे की नाही? ठराव गप्प असेल तर बँक ते परत करते आणि कंपनीला वाटतं, आपण तर सही बदलल्याचं रीतसर कळवलं होतं, आपला काय दोष? हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयात करून झालेला आहे. लक्ष्मी डायकेम विरुद्ध गुजरात राज्य या २०१२च्या निकालात, सह्या करणाऱ्यांचे अधिकार बदलल्यामुळे किंवा सही न जुळल्यामुळे परत आलेले चेकसुद्धा चेक न वटल्याच्या कलम १३८मध्ये बसू शकतात, असं न्यायालयाने म्हटलं. थोडक्यात, साहेब गेले तरी देणं जात नाही. म्हणून एक ओळ वाढवावी: ‘अ यांनी ३० तारखेपूर्वी सही केलेले, सोबतच्या यादीतील क्रमांकांचे चेक त्या तारखेनंतर सादर झाले तरी वटवावेत’. यादी जोडायची ती चेकच्या क्रमांकांसह. ‘सर्व जुने चेक’ असं मोघम लिहिलं, तर अ यांच्या ड्रॉवरमधलं कोरं पानही जुनंच ठरण्याचा धोका आहे.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसाचा: बँक स्वतःचाच छापील नमुना देते, तोच भरायचा, एवढी शब्दरचना कोणासाठी? नमुना भरावाच, पण वाचून. अशा नमुन्यात चेकवरच्या सहीबरोबर ओव्हरड्राफ्ट घेण्याचे अधिकारही एखाद्या वाक्यात येऊन बसलेले असू शकतात, लग्नाच्या वऱ्हाडात अनोळखी माणूस जेवायला बसावा तसे. निव्वळ सही बदलण्याचा ठराव कंपनी कायद्याच्या कलम १७५खाली कागद फिरवूनही करता येतो. कर्ज उभारण्याचा अधिकार मात्र कलम १७९नुसार मंडळाने बैठकीतच वापरायचा असतो. तीन संचालकांच्या कंपनीत गणपूर्तीला किमान दोघे लागतात. त्यामुळे व्हॉट्सॲपवर ‘ओके’ मिळवून फिरवलेल्या कागदावर कंपनी नकळत ओव्हरड्राफ्टलाही हो म्हणून बसते. ते वाक्य खोडावं किंवा बैठक बोलवावी.

मग ठरावाची प्रत ‘खरी प्रत’ म्हणून प्रमाणित करायची. ती क यांनी स्वतः केली तर बँक बहुधा भुवया उंचावते, कारण स्वतःच्या नेमणुकीला स्वतःच साक्षीदार, हे ग्रामसभेतसुद्धा खपत नाही. ब यांनी सही करावी. आणि निघण्यापूर्वी नेटबँकिंगचं कलम घातलंय ना ते पाहावं: जुना युजर बंद, नोंदवलेला मोबाइल नंबर बदलायचा. तेवढं राहिलं, तर पहिल्या पगाराच्या दिवशी अकाउंट्सचा पोरगा स्क्रीनसमोर बसून राहतो आणि ओटीपी गोव्याला गेलेल्या जुन्या साहेबांच्या खिशात वाजतो.