‘टॅली येतं का?’ : गाळ्यावरच्या मुलाखतीची प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका बीकॉम झालेल्या, बायोडेटात ‘टॅली : उत्तम’ असं लिहून मोकळ्या झालेल्या आणि पुण्याच्या मार्केट यार्डातल्या कांदा-बटाटा विभागात एखाद्या आडत्याकडे हिशोबाच्या कामासाठी निघालेल्या उमेदवारांसाठी आहे. टॅली खरोखर उत्तम येणाऱ्यांनी पुढे वाचू नये. त्यांना नोकरी केव्हाच लागली आहे.

पायरी १ : वेळ निवडा. सकाळी जाऊ नका. लिलाव चालू असतात आणि शेठ तुम्हाला खरेदीदार समजून भाव सांगतील. दुपारी बाजार ओसरला की दिवाणजी पट्ट्या लिहायला बसतात. खरी मुलाखत तेच घेतात, शेठ फक्त चहा सांगतात.

पायरी २ : ‘उत्तम’ खोडा. त्या जागी काय केलंय ते लिहा : ‘टॅली : क्लासमध्ये पेमेंट, रिसीट आणि जर्नल व्हाउचर टाकली; बँक रिकन्सिलिएशन केलेलं नाही.’ ओळ लांबली म्हणून घाबरू नका. ‘उत्तम’ लिहिलं की दिवाणजी कुठूनही विचारू शकतात. या ओळीनंतर ते या ओळीतलंच विचारतात, आणि तेवढं तुम्हाला येतं.

पायरी ३ : घरी सराव करा, पण बेताने. टॅलीप्राइम एज्युकेशनल मोडमध्ये फुकट वापरता येतं. मात्र त्यात व्हाउचरला महिन्याची १, २ आणि ३१ एवढ्याच तारखा चालतात. तेव्हा ‘एका दुकानाचे हिशोब सांभाळले’ असं सांगून सरावाची फाइल दाखवू नका. सगळा धंदा महिन्याच्या तीनच दिवसांत आटोपणारं दुकान पुण्यातही सापडत नाही. ‘हा माझा सराव आहे’ म्हणून दाखवलीत तर हीच फाइल कामाची ठरते.

पायरी ४ : ‘मी लवकर शिकतो’ हे वाक्य गिळा. ते गाळ्यावर येणारा प्रत्येक जण म्हणतो. त्याऐवजी म्हणा, ‘शेठ, आडतीचा हिशोब मी कधी केला नाही. एक जुनी पट्टी द्या, समोरच करून दाखवतो. अडेल तिथे विचारीन.’

समजा, दिवाणजींनी पट्टी पुढे सरकवली : कांदा २० पिशव्या, वजन १,००० किलो, भाव १८०, हमाली-तोलाई ४००, गाडीभाडे १,६००. नवखा हात हजाराला १८० ने गुणतो आणि शेतकऱ्याला एका फटक्यात १,८०,००० रुपयांचा धनी करतो. इथेच थांबा आणि विचारा, ‘भाव दहा किलोचा ना?’ पुण्यात तो तसाच बोलला जातो. म्हणजे विक्री १८,००० रुपयांची. त्यातून २,००० खर्च वजा जाता शेतकऱ्याचे १६,०००.

आता दुसरा खड्डा. आडत कुठे कापायची? बऱ्याच जणांचा हात सवयीने शेतकऱ्याच्या बाजूला जातो. फळं-भाजीपाल्याची आडत २०१६ पासून शेतकऱ्याकडून नव्हे, खरेदीदाराकडून घ्यायची असते. त्यामुळे ती खरेदीदाराच्या बिलात जाते, पट्टीत नाही. हे माहीत नसेल तर ‘आडत कोणाच्या नावावर?’ एवढं विचारलं तरी पुरे.

मग टॅलीत F7 दाबून जर्नल उघडा. खरेदीदाराच्या नावे १८,०००. शेतकऱ्याच्या जमा १६,०००, हमाली-तोलाई देणे ४००, गाडीवाल्याचे १,६००. दोन्ही बाजू जुळल्या. आडत खरेदीदाराच्या नावे वेगळी टाका. माल शेठचा नाही, ते फक्त विकून देतात. म्हणून इथे खरेदीचं व्हाउचर टाकायचं नाही. चुकून F9 दाबलंत तर शेठ कागदोपत्री कांद्याचे मालक होतात, आणि भाव पडलेल्या दिवशी त्यांना हे अजिबात आवडत नाही.

पहिली पट्टी वेळ खाईल. दिवाणजींना त्याचं काही नाही. ते दुसरी पट्टी देऊन पाहतात की दहा किलोचा प्रश्न तुम्ही पुन्हा विचारता का. लवकर शिकण्याची परीक्षा हीच : दुसऱ्या पट्टीला पहिलाच प्रश्न न विचारणं.

पायरी ५ : एक ‘नाही’ राखून ठेवा. शेठ जाता जाता विचारतील, ‘जीएसटीचं रिटर्नही भरशील ना?’ इथे मान हलवू नका. पट्टी चुकली तर संध्याकाळी दुरुस्त होते. रिटर्न उशिरा गेलं तर दंड शेठच्या खिशातून जातो. सांगा, ‘या महिन्याचं तुमच्या सीएंकडे राहू द्या. मी आकडे काढून देतो आणि ते कसं भरतात ते शेजारी बसून बघतो. पुढच्या महिन्याचं मी तयार करतो, ते तपासतील.’ शेठ दिवाणजींकडे पाहतील. दिवाणजींनी पट्ट्यांचा गठ्ठा तुमच्याकडे सरकवला तर पगाराचं बोलणं काढायला हरकत नाही.