राखीव टोनरची बडदास्त

राखीव टोनर कपाटात उभा करून ठेवणे ही बहुतेक कार्यालयांत शिस्त समजली जाते. जागा कमी लागते, खोक्यावरचा नंबर दिसतो, साठा-नोंदवहीचे समाधान होते. वाट लागते ती फक्त छपाईची. टोनर म्हणजे प्लास्टिक, काजळी आणि थोडे मेण यांची कोरडी, अतिबारीक पूड. तिच्यात पाणी नसल्यामुळे ती वाळून मरत नाही, पण उभ्या कार्ट्रिजमध्ये ती एका टोकाला जाऊन दाबून बसते. लेझर प्रिंटरच्या १२ए कार्ट्रिजमध्ये पुडीची टाकी कागदाच्या रुंदीएवढी लांब असते. मग परिपत्रकाची एक बाजू ठसठशीत उमटते आणि दुसरी पुसट. म्हणून कार्ट्रिजला जावयासारखे ठेवावे: आडवे पडू द्यावे, ऊन लागू देऊ नये, गरज पडेपर्यंत उठवू नये. पुसट बाजू दिसताच त्याला मृत घोषित करण्याचीही घाई नको. कार्ट्रिज आडवे धरून डावी-उजवीकडे पाच-सहा वेळा सावकाश हलवावे. अक्षरे सारखी उमटू लागली, तर दोष कपाटाचा होता.

मग खोक्यावर तारीख कशाला, असे कुणी विचारेल. शाईच्या कार्ट्रिजवर असेल तर ती मानावी, कारण त्या शाईत पाणी असते आणि ते उडाले की तोंडे बुजतात. टोनर मूळ पाकिटात, सील न ओढता ठेवला तर दोन-तीन वर्षे सहसा कुरकुर करत नाही. तारीख उलटली म्हणून तो दुसऱ्या दिवशी खराब होत नाही. त्याचे खरे वैरी ओल, उष्णता आणि उजेड. पावसाळ्यात पाकीट फोडून ठेवले की पूड ओल धरते, गाडीच्या डिकीत उन्हात राहिली की तिच्या गाठी होतात, आणि ड्रमला उजेड सोसत नाही. यावर फ्रिजचा उपाय सुचवणारे हुशार लोकही भेटतात. गार कार्ट्रिज दमट खोलीत आणले की त्यावर दव धरते, म्हणजे ज्या ओलीला भ्यायलो तिलाच घरात घेतले.

निकाल कागदावर लावावा. कोरे पान छापायला द्यावे. ते राखाडी झाक घेऊन आले, तर पुडीचा विद्युतभार ओलीमुळे बिघडल्याचा संशय धरावा. ठिपका ठरावीक अंतराने परत परत आला, तर पट्टी घ्यावी: १२ए चा ड्रम सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा, त्यामुळे त्याचा एक फेरा ७५ मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या अंतरावर ए४ पानात साधारण चार ठिपके दिसले, तर दोष ड्रमवर आहे. हलवून काही होणार नाही. पानभर उभी बारीक रेघ दिसली, तर ड्रमवर ओरखडा असेल किंवा तो पुसणारी रबरी पट्टी ताठरली असेल. आणि हलवताना आत गोळे लागले, तर ते फोडायला खोलून बसू नये. पूड सांडलीच, तर गार पाण्याने धुवावी. गरम पाण्याने ती कपड्यावर कायमची चिकटते.