खोगीरभरतीची झडती

सुदुंबऱ्यासंबंधी लेख लिहावयास बसलेला मनुष्य प्रथम सह्याद्रीवर चढतो, तेथून इंद्रायणीच्या खोऱ्यात उतरतो, मावळातल्या पावसात यथेच्छ भिजतो आणि मग कोठे, तिसऱ्या परिच्छेदाच्या अखेरीस, गावाच्या वेशीशी पोहोचतो, असा स्वतःच्या कच्च्या मसुद्यांवरून माझा ग्रह झाला आहे. म्हणून स्मरणिकेसाठी लिहिलेला मजकूर कोणाच्या दृष्टीस पडण्यापूर्वी मी वरचे परिच्छेद तळहाताने झाकून खालून वाचू लागतो. अर्थ लागला, की झाकलेला भाग बरखास्त. मात्र ह्या कारवाईनंतर उरलेला लेख पुष्कळदा ‘त्यांनी’ ह्या सर्वनामाने सुरू होतो आणि ‘ते’ कोण, ह्याचा पत्ता बरखास्त भागातच राहिलेला असतो. तेवढे नाव खाली आणावे. सह्याद्रीस तसदी देऊ नये.

पुढे शब्दांची झडती. मसुद्यातील एक वाक्य असे होते: ‘खरे पाहता, सुदुंबरे या ठिकाणी संताजी महाराज जगनाडे यांची समाधी ही असून, ती अत्यंत पवित्र, पावन व पुण्यप्रद अशी समजली जाते, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.’ मोठ्याने वाचताना पहिला श्वास ‘असून’पाशीच संपला, हाच पुरावा. ‘खरे पाहता’ म्हणजे इतर वाक्ये खोटी पाहून लिहिली की काय? ‘ही’ व ‘अशी’ बिनपगारी तैनातीत उभ्या होत्या. पवित्र आणि पावन ह्या सख्ख्या बहिणी. आणि प्रत्यवाय घेणारा इसम पंचक्रोशीत कोणी नव्हता. 25 शब्दांतून 7 उरले: ‘सुदुंबऱ्यास संताजी महाराज जगनाडे यांची समाधी आहे.’ संताजी जातीने तेली, तेव्हा घाण्यातून तेल निघाल्यावर पेंड ग्राहकाच्या बुधलीत ओतू नये, हे त्यांच्यावरील लेखात तरी पाळावे.

कल्पनांची पुनरुक्ती अधिक लबाड, कारण ती दरवेळी नवा अंगरखा घालून येते. प्रत्येक परिच्छेदाचा आशय समासात एकाच शब्दात टिपला, तेव्हा ‘जतन’ हा शब्द तीनदा आला: एकदा अभंगांचा ठेवा राखला गेला होता, एकदा वारसा सांभाळला गेला होता, आणि एकदा चाकणच्या ह्या तेल्याने तुकोबांचे अभंग लिहून ठेवले होते. तिसऱ्यात माणूस, गाव आणि कृत्य होते; तो ठेवला, दोघांस निरोप दिला. अर्थात सरसकट कत्तल करू नये. अभंगाचे ध्रुवपद प्रत्येक चरणानंतर परतते म्हणून त्यास कोणी खोगीरभरती म्हणत नाही. तसेच ‘संताजींनीच’ मधला ‘च’ वगळला, तर लिहिणारा नेमका कोण, ह्या वादात लेखकाची बाजूच निकालात निघते.

उरला देणगीदारांचा परिच्छेद. तेथे एकाच नावामागे ‘सन्माननीय’, ‘धर्मपरायण’ आणि ‘दानशूर’ अशी तीन विशेषणे ओळीने उभी होती. मी मधल्यावर लेखणी ठेवली, मुखपृष्ठामागच्या पूर्ण पानाच्या जाहिरातीकडे पाहिले, आणि चौथे घातले.